शाफ्टची ताकद कडेला असते

मालट्रकच्या खाली वाकून पाहिलं तर गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट दिसतो. इंजिनाचा सगळा पीळ तो सोसतो, आणि तरीही त्याचा बराचसा भाग आतून पोकळ नळीच असते. हा कंजूषपणा नव्हे. त्यामागचं कारण अकरावी-बारावीच्या संकलनाइतक्या गणितात सापडतं.

५० मिलिमीटर व्यासाचा भरीव गोल शाफ्ट घेऊ. त्याला पीळ दिला की एक टोक दुसऱ्याच्या मानाने किंचित फिरतं. केंद्रातला बिंदू जागचा हलत नाही, कडेचा सर्वांत जास्त सरकतो आणि मधले आपापल्या अंतराच्या प्रमाणात सरकतात. म्हणजे केंद्रापासून r अंतरावरच्या धातूवर येणारा ताणही r च्या प्रमाणात वाढतो. शिवाय तो धातू केंद्रापासून जितका लांब, तितकी त्याच्या जोराला तरफ मोठी मिळते. इथे r दुसऱ्यांदा येतो. म्हणून पिळाला विरोध करण्यात त्या तुकड्याचा वाटा ठरतो त्याचं क्षेत्रफळ गुणिले r². छेदावरच्या अशा सगळ्या वाट्यांची बेरीज म्हणजे पोलर मोमेंट, अर्थात J.

ही बेरीज करायला छेदाचे चौकोनी तुकडे पाडले तर आकडेमोड उगाच किचकट होते. कांद्याच्या चकतीसारखी कडी पाडावी, कारण एका कड्यातला सगळा धातू केंद्रापासून सारख्याच अंतरावर असतो. r त्रिज्येचं, dr जाडीचं कडं उलगडून सरळ केलं तर 2πr लांबीची, dr रुंदीची पट्टी मिळते. तिचं क्षेत्रफळ 2πr dr. हा तिसरा r.

```
J = ∫ r² · 2πr dr   (0 ते R)
  = 2π · R⁴/4
  = πR⁴/2 = πD⁴/32
```

तीन r एकमेकांना गुणले गेले, संकलनाने चौथा जोडला. आपल्या शाफ्टची त्रिज्या २५ मिलिमीटर, तेव्हा J सुमारे ६,१३,६०० मिमी⁴ येतो.

संकलनावर भरवसा नसेल, तर हाताने पडताळता येतं. शाफ्टची ५ मिलिमीटर जाडीची पाच कडी पाडा आणि प्रत्येकाची मधली त्रिज्या धरा: २.५, ७.५, १२.५, १७.५, २२.५. या त्रिज्यांच्या घनांची बेरीज करून तिला 2π × 5 ने गुणलं की सुमारे ६,०१,३०० मिळतात. फरक फक्त दोन टक्के. कडी आणखी बारीक केली की तोही विरत जातो.

खरी गंमत प्रत्येक कड्याच्या वाट्यात आहे. सर्वांत बाहेरच्या कड्यात ३६ टक्के धातू असतो, पण J मधला त्याचा वाटा ५९ टक्के. मधोमधच्या चकतीत ४ टक्के धातू असतो आणि तिचा वाटा अर्ध्या टक्क्याच्याही खूप खाली. आता या शाफ्टमधून २५ मिलिमीटर व्यासाचा गाभा काढून टाकला, तर वजन चौथ्या हिश्शाने घटतं, पण J फक्त सोळाव्या हिश्शाने. १००० न्यूटन-मीटरचा पीळ दिला तर कडेचा ताण ४०.७ मेगापास्कलवरून ४३.५ वर जातो, एवढंच.

हा चौथा घात प्रयोगातून आधीच हाती आला होता. फ्रेंच अभियंता कुलोम याने १७८४ साली धातूच्या तारा लटकवून, पिळून पाहिल्या, तेव्हा तारेचा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलताना त्याला आढळला.

विद्यार्थ्यांच्या वहीत चुका ठरावीक ठिकाणी होतात. त्रिज्येच्या सूत्रात व्यास घातला की उत्तर सोळापट फुगतं. कड्याच्या क्षेत्रफळातला r विसरला की शेवटी लांबीचा चौथा घात न येता तिसराच येतो. म्हणून एकक तपासणं ही सर्वांत स्वस्त परीक्षा. दुसरी परीक्षा अशी: वर्तुळाचा, वाकण्याच्या हिशेबात लागणारा πD⁴/64 हा मोमेंट J च्या बरोबर निम्मा असायलाच हवा.

मात्र शाफ्टचा ताठरपणा J वरून काढायचा तर छेद गोल हवा, भरीव असो वा बंद नळी. चौकोनी सळईला पीळ दिला की तिचा सपाट छेद सपाट राहत नाही, फुगतो-दबतो; फ्रेंच अभियंता सँ-व्हनाँ याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हे गणिताने मांडलं. तिथे r² ची बेरीज ताठरपणा खऱ्याहून जास्त दाखवते. नळी लांबीभर चिरली तर फसगत याहून मोठी. २५ मिलिमीटर मध्यत्रिज्येच्या, २ मिलिमीटर जाड नळीला बारीक उभी चीर दिली, तर r² ची बेरीज जवळजवळ तेवढीच राहते. पिळाला होणारा विरोध मात्र मूळच्या साधारण ४७० व्या हिश्शावर येतो, कारण चिरेच्या दोन कडा आता एकमेकींवरून मोकळ्या सरकू शकतात.