प्रीमियम, डिडक्टिबल, क्लेम: आजारपणात नेमके कोणाचे पैसे जातात?

आरोग्य विम्याची पॉलिसी वर्षभर चालू राहावी म्हणून विमा कंपनीला जी रक्कम भरावी लागते, ती प्रीमियम. मराठीत तिला हप्ता म्हणतात आणि घोटाळा तिथेच होतो. आयुर्विम्यातल्या बचतीच्या हप्त्यांची सवय असल्याने हे पैसे कधीतरी परत मिळतील असे अनेकांना वाटते. आरोग्य विम्यात तसे नसते. वर्षभरात कोणी आजारी पडले नाही, तरी प्रीमियम परत मिळत नाही.

उपचारांचा खर्च मिळावा म्हणून कंपनीकडे केलेली मागणी म्हणजे क्लेम. कॅशलेस क्लेममध्ये कंपनी थेट रुग्णालयाला पैसे देते. रिएम्बर्समेंटमध्ये कुटुंब आधी बिल भरते, मग डिस्चार्ज कार्ड, बिले आणि तपासण्यांचे अहवाल देऊन ते पैसे मागते.

सर्वांत कमी समजून घेतला जाणारा शब्द मात्र डिडक्टिबल. खर्चाचा जो पहिला भाग कंपनी उचलत नाही, तो डिडक्टिबल. हा भाग रुग्णाने खिशातून भरावा किंवा त्याच्या दुसऱ्या पॉलिसीतून भागवावा. डिडक्टिबल जितका मोठा, तितका प्रीमियम सहसा कमी. स्वस्त दिसणारी पॉलिसी बऱ्याचदा याच कारणाने स्वस्त असते.

समजा, एका घरात 3 लाखांच्या डिडक्टिबलची टॉप-अप पॉलिसी आहे. जानेवारीत आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे बिल 3 लाख झाले आणि त्याच पॉलिसी वर्षात, ऑगस्टमध्ये, तिच्या हृदयविकाराच्या उपचारांचे आणखी 3 लाख. वर्षाचा खर्च 6 लाख झाला, तरी साध्या टॉप-अपमधून एक रुपयाही मिळत नाही. कारण त्यात डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला वेगळा लागतो आणि दोन्ही बिले त्याच्या वर गेलेली नाहीत. हीच पॉलिसी सुपर टॉप-अप असती, तर वर्षाचा खर्च एकत्र मोजला गेला असता. मग पहिले 3 लाख घरचे आणि दुसरे 3 लाख, अटींत बसणारा खर्च असल्यास, कंपनीचे. नावात एका शब्दाचा फरक, हिशोबात 3 लाखांचा.

को-पे याहून निराळा. त्यात ठरावीक रक्कम नसून टक्केवारी असते. 10 टक्के को-पे असेल, तर मंजूर झालेल्या 1 लाखांतले 10 हजार रुग्णाचे. हातमोजे, गाऊन यांसारख्या वस्तूंचे पैसे अनेक पॉलिसींत मिळत नाहीत, म्हणून कॅशलेस उपचारांनंतरही काउंटरवर काही रक्कम भरावी लागते.

टॉप-अप घेण्याआधी पॉलिसीच्या कागदात डिडक्टिबलसमोर काय लिहिले आहे ते जरूर वाचावे: प्रत्येक क्लेममागे, की वर्षाचा एकूण.