पासवर्ड न सांगता पाहुण्याला वायफाय

घरच्या वायफायचा पासवर्ड बहुतेकांना पाठ नसतो. तो राउटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर असतो, किंवा जोडणी करून देणाऱ्या माणसाने कधीतरी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलेला असतो. पाहुणा आला की कोणीतरी चष्मा लावून तो वाचून दाखवतं. शून्य की ओ, एक की आय की एल, यावर थोडी चर्चा होते. तिसऱ्यांदाही जमलं नाही की सगळा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवला जातो आणि वर्षानुवर्षं त्या गप्पांमध्ये पडून राहतो.

आयफोनवाल्यांना हे टाळता येतं. यजमान आणि पाहुणा दोघांकडे आयफोन असेल, तर पासवर्ड एका फोनमधून दुसऱ्यात थेट जातो. कोणी वाचत नाही, कोणी टाइप करत नाही. २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून ही सोय फोनमध्ये आहे. तरीही ती अनेकांनी पाहिलेली नसते, कारण तिच्यासाठी सेटिंग्जमध्ये कुठेही बटण नाही. ठरावीक गोष्टी जुळून आल्या की चौकट आपोआप समोर येते, आणि एक जरी चुकली तरी फोन काही न बोलता गप्प बसतो. नेमकं काय चुकलं हे तो सांगत नाही, म्हणूनच आतमध्ये काय चालतं हे समजून घेतलेलं बरं.

समजा, भाची मावशीकडे राहायला आली आहे. मावशीचा आयफोन घरच्या वायफायला जोडलेला आहे. भाची आपल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये Wi-Fi उघडते आणि यादीतून मावशीच्या घरचं नाव निवडते. फोन पासवर्ड मागतो. आता तिने काहीही टाइप करायचं नाही, फक्त तो पडदा तसाच उघडा ठेवायचा आणि फोन मावशीच्या फोनजवळ न्यायचा. मावशीने आपला फोन अनलॉक करून हातात धरला की खालून एक चौकट वर येते: ही व्यक्ती तुमचं वायफाय मागते आहे, पासवर्ड द्यायचा का? मावशीने Share Password दाबायचं. भाचीच्या फोनवर पासवर्डची जागा आपोआप भरते आणि फोन जोडला जातो. मावशीने Done दाबलं की काम झालं.

या अर्ध्या मिनिटात काय घडतं ते पाहू. पासवर्ड मागणारा पडदा उघडला की भाचीचा फोन ब्लूटूथवरून आसपास पुकारा करू लागतो की मला अमुक वायफायचा पासवर्ड हवा आहे. जवळ जागा असलेला आणि तो पासवर्ड जवळ बाळगणारा आयफोन हा पुकारा ऐकतो. पण ऐकला म्हणून तो लगेच देत नाही. मागणारी व्यक्ती मालकाच्या संपर्कयादीत आहे का, हे तो आधी बघतो. मागणाऱ्या फोनलाही आपली ओळख सिद्ध करावी लागते. एअरड्रॉपने फोटो पाठवताना ओळख पटवण्याची जी पद्धत असते, तशीच ही आहे. ओळख पटली आणि मालकाने हो म्हटलं, की मगच पासवर्ड पलीकडे जातो. त्यामुळे शेजारच्या फ्लॅटमधला अनोळखी माणूस तुमच्या वायफायचं नाव दिवसभर दाबत बसला, तरी तुमच्या फोनवर चौकट येणार नाही.

पाहुण्याचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. मावशीच्या फोनमध्ये भाची आहे, पण ती ‘पिंकी’ या नावाने, आणि नावाखाली फक्त मोबाइल नंबर. आपल्याकडे संपर्कयादी अशीच असते. नातेवाइकांचे इमेल कोण साठवून ठेवतं? ॲपलची अट मात्र अशी, की समोरची व्यक्ती ज्या इमेलने ॲपलच्या खात्यात शिरते, तो इमेल तुमच्या संपर्कयादीत तिच्या नावाखाली हवा, आणि तुमचा तिच्याकडे. त्यात आणखी एक गंमत असते. फोन घेताना दुकानदाराने किंवा घरातल्या मुलाने खातं काढून दिलेलं असतं, आणि त्यासाठी कोणता इमेल वापरला हे मालकालाच आठवत नसतं. मावशी रोज वापरतात तो इमेल वेगळा आणि खात्याचा वेगळा, असंही असू शकतं.

खात्याचा इमेल शोधणं सोपं आहे. सेटिंग्ज उघडल्यावर अगदी वर आपलं नाव दिसतं, त्यावर दाबलं की नावाखाली तो लिहिलेला असतो. भाचीने तिथला इमेल मावशीला दाखवायचा. मावशीने संपर्कयादीत पिंकी उघडायची, Edit दाबायचं, add email या ओळीत तो अक्षर न अक्षर नीट भरायचा आणि Done करायचं. मग मावशीचा इमेल भाचीच्या फोनमध्ये तसाच. आता तुम्ही म्हणाल, टाइप करायचंच असेल तर पासवर्डच का नाही टाइप केला? पहिल्या दिवसापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. पण इमेल एकदाच भरावा लागतो. नंतर राउटर बदलला, पासवर्ड बदलला किंवा मावशी भाचीच्या घरी गेल्या, तरी पुन्हा काही भरावं लागत नाही.

इमेल बरोबर असूनही चौकट येत नसेल, तर इतर कारणं थोडीच उरतात. दोन्ही फोनवर वायफाय आणि ब्लूटूथ चालू हवं, आणि Personal Hotspot दोन्हीकडे बंद हवा. घरी पोचेपर्यंत हॉटस्पॉटवरच काम चालवलेल्या पाहुण्याच्या बाबतीत हे हमखास राहून जातं. मावशीचा फोन लॉक होऊन टेबलावर पडलेला असेल तर तो पुकाऱ्याकडे लक्ष देत नाही. भाचीने वाट पाहून कंटाळून पडदा बंद केला असेल तर पुकाराच थांबतो. आणि एक कारण आपल्या घरांत वारंवार दिसतं: राउटर एकच, पण त्याची नावं दोन, एक साधं आणि दुसऱ्याच्या शेवटी 5G लिहिलेलं. मावशीचा फोन एकावर आणि भाचीने निवडलं दुसरं, असं झालं तर कितीही जवळ बसलात तरी जुळणी होण्याची खात्री नाही. मावशीच्या फोनवर ज्या नावापुढे बरोबरची खूण आहे, नेमकं तेच नाव भाचीने दाबायचं. हे सगळं तपासूनही काही झालं नाही, तर दोन्ही फोन एकदा बंद करून चालू करावेत. फोनची आयओएस फार जुनी असेल तर तीही अद्ययावत करून घ्यावी.

काही ठिकाणी मात्र ही युक्ती चालतच नाही. हॉटेलात किंवा रेल्वे स्थानकावर मोबाइल नंबर टाकून ओटीपीने आत जावं लागतं. तिथे दुसऱ्याला देण्यासारखा पासवर्डच नसतो. ऑफिसात प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड असेल तिथेही हे लागू नाही, आणि कंपनीने दिलेल्या फोनवर कंपनी ही सोय मुद्दाम बंदही ठेवू शकते.

राहिला सर्वांत मोठा प्रश्न. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक पाहुण्यांच्या हातात अँड्रॉइड असतो, आणि अँड्रॉइडला आयफोनचा हा पुकारा करता येत नाही. तिथे क्यूआर कोड कामाला येतो. २०२४ साली आलेल्या आयओएस १८ पासून आयफोनमध्ये Passwords नावाचं वेगळं ॲप आहे. त्यात Wi-Fi या भागात आजवर साठवलेल्या जोडण्यांची यादी दिसते. आपल्या घरचं नाव उघडून Show Network QR Code दाबलं की पडद्यावर कोड उमटतो. पाहुण्याने आपला कॅमेरा त्यावर धरायचा आणि जोडणीला होकार द्यायचा. आयफोनचा कॅमेराही हा कोड वाचतो, त्यामुळे इमेलची भानगड टाळायची असेल तर दोन आयफोनमध्येही हाच मार्ग धरता येतो. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला नेट द्यायचं असेल, तर त्याचा इमेल साठवत बसण्यात काहीच अर्थ नाही. तिथे मी कोडच दाखवेन.

कोड दिसतो गूढ, पण त्यात गुपित काही नसतं. आतला मजकूर साधारण असा असतो:

```
WIFI:T:WPA;S:GharcheWifi;P:Amba1234;;
```

T पुढे सुरक्षेचा प्रकार, S पुढे वायफायचं नाव, P पुढे पासवर्ड, तोही उघडा. म्हणजे कोडचा फोटो काढून ठेवणारा पासवर्डच घेऊन जातो. दिवाणखान्याच्या भिंतीवर असा कोड फ्रेम करून लावलेला असेल, तर त्याच्यासमोर काढलेला फोटो समाजमाध्यमांवर टाकताना मागे काय दिसतंय ते बघावं.

चौकटीतून दिलेला पासवर्डही लपून राहत नाही. पाठवताना तो पडद्यावर दिसला नाही म्हणून पाहुण्याला तो कळलाच नाही, असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. २०२२ मधल्या आयओएस १६ पासून कोणत्याही आयफोनवर सेटिंग्जमध्ये वायफायच्या नावापुढचं छोटं गोल चिन्ह दाबलं आणि चेहरा, बोट किंवा पासकोड दिला, की साठवलेला पासवर्ड उघडा वाचता येतो. पाहुण्याने आयक्लाउड किचेन चालू ठेवलं असेल, तर तो त्याच्या आयपॅडवर आणि मॅकवरही पोचतो. दिलेला पासवर्ड आपल्या फोनवरून परत मागवता येत नाही. तो बंद करायचा तर राउटरमध्ये जाऊन बदलावा लागतो, आणि मग टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा सगळं नव्याने जोडत बसावं लागतं.

म्हणून वारंवार माणसं येणाऱ्या घराने राउटरमध्ये Guest Network आहे का ते बघावं. बऱ्याच राउटरमध्ये ते असतं, फक्त चालू करायचं राहिलेलं असतं. त्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि नीट बसवलेलं असेल तर त्यावरच्या फोनला घरच्या प्रिंटरपर्यंत किंवा कॅमेऱ्यापर्यंत जाता येत नाही. पासवर्ड बदलायची वेळ आली तरी घरातल्या वस्तूंना धक्का लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवायचं: चौकटीने पासवर्ड द्यायचा असेल, तर आधी आपला फोन त्या पाहुण्यांच्या जोडणीवर न्यावा लागतो आणि काम झालं की परत घरच्या नावावर आणावा लागतो. Passwords ॲपमधला कोड दाखवायचा असेल तर एवढंही नको. एकदा त्या जोडणीवर जाऊन पासवर्ड साठवला गेला, की पुढे फोन कोणत्याही वायफायवर असला तरी तो कोड काढता येतो.