दोन शहरं, एक मूल: संयुक्त ताब्याचा आराखडा

समजा, आई पुण्यात, बाबा नागपुरात आणि मुलगी नऊ वर्षांची. एवढ्या अंतरावर आठवडा वाटून घेता येत नाही. म्हणून शाळा एकाच शहरात ठेवावी, समजा पुण्यात, आणि दिवसांची भरपाई सुट्ट्यांत करावी. उन्हाळी सुट्टीचा मोठा भाग बाबांकडे, दिवाळी सम वर्षी आईकडे, विषम वर्षी बाबांकडे. प्रगतिपुस्तक आणि पालकसभेची सूचना शाळेने दोघांनाही द्यावी.

वाद बहुधा ‘सुट्टीत भेट’ अशा मोघम शब्दांतून होतात. त्यामुळे तारीख, वेळ, मुलीला कोण नेणार, कोण आणणार, तिकिटाचा खर्च कोणाचा, हे सगळं लिहावं.

रोजचे निर्णय मुलगी ज्याच्याकडे असेल त्याने घ्यावेत. शाळा बदलणं, शस्त्रक्रिया, पासपोर्ट यांसाठी दोघांची लेखी संमती असावी आणि उत्तराला सात दिवसांची मुदत. तातडीच्या उपचारांना मात्र ही अट नको.

हा आराखडा संमतीच्या अटींत घालून कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशात समाविष्ट करून घ्या. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 नुसार मुलांबाबतचा आदेश पुढे बदलूनही मिळू शकतो.