शाळा बंद, फोन चालू

ऑगस्ट 2019च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडच्या कित्येक शाळा बंद पडल्या. अशा वेळी साधा फोनही कामाला येतो. 2020मध्ये बोट्स्वानात शाळा बंद असताना पालकांना दर आठवड्याला गणिताचे एसएमएस जात, मग पंधरा-वीस मिनिटांचा फोन. पालक स्पीकर लावून मुलाला शेजारी बसवत. नुसत्या एसएमएसनं फारसं साधलं नाही. फोनची जोड मिळाल्यावर मुलं खरोखर सुधारली.

फोनवर ‘समजलं का?’ विचारू नये, मुलं ‘हो’ म्हणतातच! ‘52 वजा 27’ सांगा. उत्तर 35 आलं, तर उसना घेतलेला दशक कमी करायचा राहिला असेल, किंवा मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला असेल. मग पुढचा धडा थांबवून तेच काड्यांच्या जुड्यांनी करून घ्या. पालकांचे नंबर मात्र पावसाळ्याआधीच गोळा करावेत आणि यादीची एक प्रत गुरुजींच्या घरी असावी, कारण शाळेचं कपाटही भिजतं.