नळीत पाणी भरलं की घड्याळ सुरू

मोठ्या ऑफिसात किंवा रुग्णालयात छतामागून जो गारवा येतो, तो बहुतेक वेळा पाण्याच्या पाठीवर बसून आलेला असतो. तळघरातली किंवा गच्चीवरची चिलर यंत्रं पाणी सहा-सात अंशांपर्यंत थंड करतात आणि पंप ते मजल्यामजल्यावर ढकलतात. तिथल्या एअर हँडलिंग युनिटमधल्या, म्हणजे साइटच्या भाषेत एएचयूमधल्या, तांब्याच्या बारीक नळ्यांतून ते फिरतं आणि खोलीतली उष्णता घेऊन बारा-तेरा अंशांवर परत येतं. हेच पाणी वर्षानुवर्षं त्याच बंद वेटोळ्यात फिरत राहतं. म्हणूनच नळ्या बसवताना आत राहिलेला कचरा आपोआप बाहेर पडत नाही. जिथे वाट सगळ्यात अरुंद असते, तिथे तो जाऊन बसतो.

नव्या नळीत कचरा कुठून येणार, असं वाटेल. काळ्या पोलादी नळीच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातून आलेला ऑक्साइडचा पापुद्रा असतो, आटे पाडताना वापरलेलं तेल असतं. वेल्डिंगचा स्लॅग, रॉडची थोटकं, ग्राइंडरची भुकटी, वाळू, सिमेंट यांची भर साइटवर पडते. उघड्या तोंडाला टोपी लावायची राहिली, तर चहाचा प्लास्टिक कपही आत सापडतो. हे सगळं बाहेर काढायचं, त्याआधी नळी गळत नाही हे सिद्ध करायचं आणि शेवटी पाण्यात औषध घालून ती गंजणार नाही अशी सोडायची, हा क्रम ज्या कागदावर लिहिलेला असतो त्याला मेथड स्टेटमेंट म्हणतात. ठेकेदार तो लिहितो, सल्लागार तपासतो आणि सही झाल्याशिवाय पंप लावायचा नसतो. या कामाचा पाया म्हणून भारतातल्या आणि आखातातल्या अनेक टेंडरांत ब्रिटनच्या बीएसआरआयए या संस्थेच्या ‘बीजी 29’ या मार्गदर्शक पुस्तकाचं नाव दिसतं.

कागद वाचताना दाबचाचणी, फ्लशिंग आणि रासायनिक सफाई ही तीन वेगळी कामं वाटतात. साइटवरही ती तशीच वाटून घेतली जातात, कधी तीन वेगवेगळ्या माणसांना. गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

मुंबईतली एक वीस मजली इमारत डोळ्यांपुढे घेऊ. आकडे हिशेबापुरते, पण वास्तवातले. पंप तळघरात, सगळ्यात वरची नळी 75 मीटरवर, सगळ्या जाळ्यात मिळून वीस हजार लिटर पाणी. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार, म्हणजे पंप बंद असतानाच तळाशी साडेसात बार. पंप त्यात साडेतीनची भर घालतो, म्हणून चालू स्थितीतला दाब अकरा बार. चाचणी त्याच्या दीडपटीवर करायची हा रूढ नियम, म्हणजे साडेसोळा बार.

हे साडेसोळा कुठे मोजायचे? तळाशी. तिथे साडेसोळा दिसत असताना गच्चीजवळचा गेज जेमतेम नऊ दाखवेल, आणि ते बरोबरच आहे. एखाद्या हौशी फिटरने वरच्या गेजवर साडेसोळा आणायचं ठरवलं, तर तळाला चोवीस बार सोसावे लागतील. तिथे बसवलेल्या ‘पीएन 16’ जातीच्या व्हॉल्व्हचं धड कारखान्यात नेमकं चोवीस बारलाच तपासलेलं असतं. त्या व्हॉल्व्हची बंद चकती तर त्याहून कमी दाबाची, सतराच्या आसपास बारची. म्हणून चाचणीच्या भागाची हद्द बंद व्हॉल्व्हच्या भरवशावर ठरवू नये, तिथे फ्लँजमध्ये आंधळी प्लेट घालावी. पंपाजवळचे रबरी बेलो, चिलर आणि एएचयूच्या कॉइल या चाचणीतून बाजूलाच ठेवायच्या. सांध्यांवर इन्सुलेशन चढवलेलं नसावं, हे सांगायची गरज पडू नये. पण पडते.

पाणी खालून, सावकाश भरायचं. वरचे व्हेंट उघडे ठेवायचे, म्हणजे हवा पुढे सरकत बाहेर पडते. हवा पूर्ण गेली का, हे कळण्याची एक सोपी खूण आहे आणि ती फारच कमी लोक वापरतात: चाचणीच्या पंपाने किती पाणी आत ढकललं ते मोजायचं. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही. आपल्या वीस हजार लिटरच्या जाळ्यात तळाचा दाब साडेसातवरून साडेसोळावर न्यायला, नळी किंचित फुगते ते धरूनही, दहा-अकरा लिटर पुरतात. पंपाच्या पिंपातून शंभर लिटर गेले आणि काटा तरीही रेंगाळत चढतोय, तर वर कुठेतरी हवा अडकलेली आहे. ती दोन प्रकारे घातक. दाबलेल्या हवेत ऊर्जा साठते, सांधा सुटला तर तो उडतो. शिवाय ती गळती लपवते. हवा नसेल तर एक लिटर गळताच काटा पाऊण बारहून जास्त पडतो. हवा असेल तर ती प्रसरण पावून जागा भरून काढते आणि काटा हलल्यासारखाही वाटत नाही.

याच्या उलट फसवणूक तापमान करतं. काठोकाठ भरलेल्या बंद पोलादी नळीत पाणी एका अंशाने थंड झालं, तर दाब चार-पाच बारने घसरू शकतो, कारण पाणी जितकं आकसतं तितकी नळी आकसत नाही. दुपारी चार वाजता गेज लावला, गच्चीवरच्या उघड्या नळ्या रात्री गार झाल्या. जाळ्यातलं फक्त दहा टक्के पाणी तिथे असेल आणि ते पाच अंशांनी निवलं असेल, तरी सरासरी अर्धा अंश झाला. सकाळी काटा दोन बार खाली. मग सगळे शिड्या घेऊन न झालेली गळती शोधत फिरतात. दुपारी दाब पुन्हा चढला की ‘आपोआप बंद झाली’ असं ठरतं. चोवीस तासांच्या नोंदवहीत दाबाशेजारी पाण्याच्या आणि हवेच्या तापमानाचे रकाने नसतील, तर त्या नोंदीला फारसा अर्थ नाही.

चाचणी झाली, सह्या झाल्या. आता सगळ्यात महागडी चूक होऊ शकते: सगळं पाणी सोडून देणं आणि नळी तशीच ठेवणं.

यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या उकाड्यात एक लिटर पाण्यात साधारण आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. वीस हजार लिटरमध्ये तो दीडशे ग्रॅमच्या आसपास, आणि तेवढ्या प्राणवायूत साडेतीनशे ते चारशे ग्रॅम लोखंड गंजतं. सगळ्या इमारतीच्या मानाने ही किरकोळ गोष्ट आहे. भरलेल्या बंद नळीत प्राणवायू संपला की गंज मंदावतो. रिकामी केलेली नळी मात्र ओली राहते आणि तिच्यात हवा हवी तितकी शिरते. गंजाला याहून अनुकूल जागा नाही. काही आठवड्यांनी आतून लालसर खपल्या सुटायला लागतात. भरलेली ठेवली तरी सुटका नाही, कारण साध्या पाण्यातले स्यूडोमोनास जातीचे जिवाणू तेलाचे आणि सांध्यांच्या मिश्रणाचे अंश खाऊन वाढतात आणि भिंतीवर बुळबुळीत थर धरतात. त्या थराखाली प्राणवायूविना जगणारे, सल्फेटवर वाढणारे जिवाणू पोलादाला खड्डे पाडतात. म्हणून पाणी भरल्यापासून 48 तासांत फ्लशिंग सुरू झालंच पाहिजे, अशी अट अनेक मेथड स्टेटमेंटमध्ये असते.

अडचण अशी, की इमारत एकदम पुरी होत नाही. तिसऱ्या मजल्याची चाचणी जानेवारीत आणि विसाव्याची जूनमध्ये. शहाणा ठेकेदार मधल्या काळात मजल्यांची तपासणी अर्ध्या बारसारख्या कमी दाबाच्या हवेने, सांध्यांना साबणाचं पाणी लावून उरकतो आणि पाण्याची चाचणी शेवटी, फ्लशिंगला लागूनच घेतो. ते शक्य नसेल तर चाचणीच्या पाण्यातच जंतुनाशक आणि गंजरोधक घालावं लागतं.

फ्लशिंग म्हणजे नळ सोडून पाणी वाहू देणं नव्हे. तळाशी बसलेला पोलादाचा कण उचलून न्यायला लहान नळीत सेकंदाला साधारण एक मीटर वेग लागतो, मोठ्या नळीत थोडा अधिक. दोनशे मिलिमीटरच्या रायझरमध्ये सेकंदाला 1.3 मीटर वेग हवा असेल, तर सेकंदाला 42 लिटर पाणी पाहिजे. दहा हजार लिटरचा टँकर चार मिनिटांत रिकामा. म्हणून तात्पुरता मोठा पंप, गाळणी आणि टाकी लावून तेच पाणी फिरवतात, गाळ काढतात, आणि ठरावीक वेळाने थोडं सोडून ताजं भरतात. आधी रायझर, मग एकेक मजला, बाकीचे मजले बंद ठेवून. सगळे मजले एकदम उघडले तर पाणी वाटलं जातं, वेग पडतो आणि कचरा जागचा हलत नाही. एएचयू आणि नियंत्रण व्हॉल्व्ह यांना वळसा घालणारी बायपासची वाट या वेळी उघडी असावी लागते. ती नकाशातच नसेल, तर रायझरमधला कचरा थेट कॉइलमध्ये जातो.

वेगाने सुटं काय ते निघतं. तेल, चिकट थर आणि गंज यांच्यासाठी रसायन लागतं. तेल सोडवणारं आणि कण तरंगते ठेवणारं द्रव्य घालून एक-दोन दिवस पाणी फिरवतात, जोडीला जंतुनाशक. गंज दाट असेल तर सौम्य, गंजरोधक मिसळलेलं आम्ल. पण ते तांबं-पितळेलाही लागू शकतं, म्हणून त्याचा निर्णय रसायनतज्ज्ञाचा. हे पाणी पावसाळी गटारात सोडता येत नाही. त्याची सोय आधी ठरलेली नसेल, तर नेमकं याच टप्प्यावर काम अडतं. मग पुन्हा धुणं, जोवर बाहेर येणारं पाणी भरायच्या पाण्यासारखं होत नाही तोवर. लगेच गंजरोधक घालायचं, बहुधा नायट्राइटवर आधारलेलं, आणि तांब्यासाठी अ‍ॅझोल. धुतलेलं उघडं पोलाद औषधाविना एक दिवसही ठेवू नये.

नमुना कुठून घेतला यावर निकाल ठरतो. पंपाशेजारचं पाणी नेहमीच चांगलं दिसतं. विसाव्या मजल्याच्या शेवटच्या टोकाचं घ्यावं. प्रयोगशाळा त्यातलं लोह, तरंगते कण आणि जिवाणू मोजते. त्याआधी पारदर्शक बाटली रात्रभर ठेवून तळाला लोहचुंबक लावला, तरी काळा गाळ ओढला जातो का ते दिसतं. ओढला गेला तर तो मॅग्नेटाइट, पोलादाचाच गंज.

एवढं होऊन इमारत रिकामी राहते, कधी सहा महिने. तेव्हा पंप आठवड्यातून निदान एकदा फिरवावे लागतात आणि नायट्राइट मोजत राहावं लागतं, कारण काही जिवाणू तेही खातात. मग बाराव्या मजल्यावर भाडेकरू येतो, आतली सजावट करताना चाळीस मीटर नवी काळी नळी जोडून घेतो आणि एका शनिवारी रात्री त्याचा माणूस व्हॉल्व्ह उघडतो. त्या चाळीस मीटरची दाबचाचणी, फ्लशिंग आणि सफाई वेगळा पंप लावून, मुख्य जाळ्याशी जोडण्याआधी व्हायला हवी असते. भाडेकराराच्या जोडपत्रात ही अट घालणारे इमारतमालक आता भेटतात, आणि त्या व्हॉल्व्हला कुलूप लावून किल्ली आपल्याकडे ठेवणारेही.