डाग नाही, थेंब नाही, मग कूलंट जातं कुठे?

"गाडी जुनी झाली की थोडं कूलंट पितेच," असं गॅरेजवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे सांगतात. ते खरं नाही. कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही, ते बंद नळ्यांतून फिरत राहतं. इंजिन गरम असताना टाकीतली पातळी थोडी वर जाते आणि गार झालं की खाली येते, म्हणून पातळी नेहमी सकाळी, गार इंजिनवरच पाहावी. दर महिन्याला पाव लिटर घालावं लागत असेल, तर ते कुठूनतरी बाहेर पडतंय.

पार्किंगमध्ये डाग नसला की लोक निर्धास्त होतात. पण तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचत नाही. पाणी उडून जातं आणि नळीच्या तोंडाशी पांढरट किंवा रंगीत पापुद्रा राहतो. टाकीचं झाकण ढिलं असेल तरी वाफ निसटते, आणि झाकण हा सगळ्यांत स्वस्त भाग असल्यामुळे ते आधी तपासावं. कूलंटचा गोडसर वास मात्र गाडीच्या आत, एसीच्या झरोक्यांतून येत असेल, तर संशय डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरवर जातो.

इथे लगेच उत्तर येतं, "आपल्याकडे हीटर लावतंय कोण?" पण बऱ्याच गाड्यांत हीटरच्या त्या छोट्या रेडिएटरमधून कूलंट बाराही महिने फिरतं. डॅशबोर्डवरचा नॉब फक्त आतली झडप हलवून हवा त्याच्यावरून जाऊ द्यायची की नाही हे ठरवतो. त्यामुळे मुंबईत कधीही न लावलेला हीटरही गळू शकतो. वर ही गळती एसीच्या पाण्यात लपते. हीटर कोअर आणि एसीची कॉइल दोन्ही एकाच पेटीत असतात, त्यामुळे कूलंटही एसीच्याच नळीतून खाली टपकतं आणि आपण म्हणतो, एसीचं पाणी आहे. एसीचं पाणी साधं असतं. हे बोटांना चिकट लागतं आणि पांढऱ्या कागदावर त्याचा रंग उतरतो. चाखून पाहू नका, त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

पुण्यातल्या एका ओळखीच्यांच्या दहा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीचं असंच झालं. काचेवर आतून तेलकट धुकं यायचं, पुसलं की ते पसरायचं. गॅरेजने न तपासताच "हेड गॅस्केट गेलं" म्हणून सांगितलं. दुसऱ्या मेकॅनिकने गार इंजिनवर टाकीला हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी, साधारण एक बार, हवा भरली. पंधरा मिनिटांत काटा स्पष्ट खाली आला, पण बाहेर कुठेही ओल दिसली नाही. मग त्याने डाव्या बाजूचा गालिचा उचलून खालच्या फोमवर टिश्यू दाबला. टिश्यू हिरवा आणि चिकट. शेवटी इंजिनच्या बाजूने हीटरला जाणाऱ्या दोन्ही नळ्या काढून एका तुकड्याने आपसांत जोडल्या आणि पुन्हा हवा भरली. काटा हलला नाही. गॅस्केटला हात लावायची गरजच नव्हती.

गॅस्केटबद्दलचा ठाम समज म्हणजे तेल दुधाळ झालं नाही तर गॅस्केट ठीक. गॅस्केट कुठे फुटलंय यावर ते अवलंबून आहे. कूलंटची वाट आणि सिलिंडर यांच्यामध्ये फट पडली, तर तेल स्वच्छच राहतं आणि कूलंट जळून धुराड्यातून जातं. उलट पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीच्या तेलाच्या झाकणाखाली साधी वाफ जमूनही पिवळट साय येते. सकाळचा पांढरा धूरही असाच फसवतो. इंजिन तापल्यावर तो थांबला तर ती वाफ, तापल्यावरही गोड वासाचा दाट धूर येत राहिला तर काळजी.

खात्री करायला मेकॅनिक टाकीच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतो. जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल, तर पेट्रोल गाडीत तो द्रव पिवळा पडतो. पण फट बारीक असली आणि इंजिन पुरतं तापलं नसलं तर रंग बदलत नाही, म्हणून एकदा निळा राहिला की सुटलो असं नाही. स्पार्क प्लग काढून बघणं त्याला पूरक ठरतं. बाकीचे तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर कूलंट त्या सिलिंडरमध्ये जातंय. रात्रभर गार झालेल्या गाडीची वरची रेडिएटर नळी सकाळी दगडासारखी टणक लागणं हीही वाईट खूण.

गळती थांबवणाऱ्या पुड्या लोक बिनदिक्कत ओततात. त्या फट बुजवतात तशाच हीटर कोअरच्या बारीक नळ्याही बुजवतात. नुसतं पाणी घालत राहिलं तर मिश्रण पातळ होतं, गंज चढतो आणि उत्कलनबिंदू घसरतो. गरम झाकण मात्र कुठल्याही कारणाने उघडू नये.

त्या पुण्याच्या गाडीच्या नळ्या अजून आपसांत जोडलेल्याच आहेत. पावसाळ्यात काचेवरचं धुकं एसीने जातं, त्यामुळे हीटर नसल्याचं अडत नाही. खर्च वाचला तो मुख्यतः मजुरीचा, कारण त्या गाडीत कोअर बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.