समारोपाआधी वेळ संपली, तर गुण किती?

वेळेच्या बंधनातल्या परीक्षेत निबंधवजा उत्तर अर्धवट राहिले, तर किती गुण जातात हे त्या परीक्षेच्या गुणदान निकषांवर ठरते. निकष उघडपणे प्रसिद्ध असलेले एक उदाहरण म्हणजे अमेरिकेत कॉलेज बोर्ड घेत असलेली ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट (एपी) परीक्षा. तिच्या अमेरिकेच्या इतिहास विषयात दस्तऐवजांवर आधारित एक दीर्घ प्रश्न असतो. सोबत ७ दस्तऐवज दिलेले असतात आणि वाचन धरून साधारण ६० मिनिटे मिळतात. बऱ्याच विद्यार्थ्यांची वेळ समारोपापर्यंत पोहोचण्याआधीच संपते.

गैरसमज १ : समारोप नसेल तर त्याचे गुण कापले जातात.

वस्तुस्थिती : या प्रश्नाच्या ७ गुणांत समारोपासाठी वेगळा गुणच नाही. मुख्य प्रतिपादनाला १, ऐतिहासिक पार्श्वभूमीला १, दस्तऐवजांच्या वापराला २, दस्तऐवजांबाहेरच्या पुराव्याला १, दस्तऐवजाच्या लेखकाचा हेतू, दृष्टिकोन किंवा प्रसंग यांच्या विश्लेषणाला १ आणि विषयाच्या गुंतागुंतीच्या आकलनाला १, अशी वाटणी आहे. प्रत्येक गुण स्वतंत्रपणे मिळतो. परीक्षक शून्यापासून सुरुवात करून मिळवलेले गुण जोडत जातो. पूर्ण गुणांतून उणिवांचे गुण वजा करणे ही पद्धत येथे नाही. उत्तर घाईत लिहिलेला पहिला मसुदा आहे, हेही निकषांत गृहीत धरलेले असते.

गैरसमज २ : मग समारोप राहिल्याने काहीच बिघडत नाही.

वस्तुस्थिती : मुख्य प्रतिपादन प्रस्तावनेत किंवा समारोपात, एकाच ठिकाणी, स्पष्ट दिसले पाहिजे, अशी अट आहे. ते शेवटासाठी राखून ठेवणाऱ्याचे नुकसान होते. समजा, १८६५ ते १९०० या काळात औद्योगिकीकरणाने अमेरिकी समाज किती बदलला, असा प्रश्न आहे. पहिल्या विद्यार्थ्याने प्रस्तावनेतच लिहिले, ‘उत्पादन वाढले, पण कारखान्यांवरची मालकी मोजक्या हातांत एकवटल्याने कामगारांचे जगणे अधिक असुरक्षित झाले.’ पुढे यादवी युद्धानंतरची पार्श्वभूमी मांडली, ५ दस्तऐवज युक्तिवादाच्या आधारासाठी वापरले, त्यांतील दोन दस्तऐवजांच्या लेखकांचा हेतू उलगडला आणि १८९२च्या होमस्टेड संपाचा बाहेरचा पुरावा जोडला. तिसऱ्या परिच्छेदातच वेळ संपली. त्याला प्रतिपादन १, पार्श्वभूमी १, दस्तऐवज २, बाहेरचा पुरावा १ आणि विश्लेषण १, असे ७ पैकी ६ गुण मिळतात.

दुसऱ्याचा मधला भाग अगदी तसाच आहे. मात्र प्रस्तावनेत त्याने ‘औद्योगिकीकरणाने समाजात अनेक बदल झाले’ एवढेच म्हटले आणि स्वतःचे मत समारोपात मांडायचे ठरवले, पण तिथे पोहोचण्याआधीच त्याचीही वेळ संपली. ‘अनेक बदल झाले’ या वाक्यात कोणते बदल आणि का, याचे उत्तर नाही. त्यामुळे ते प्रतिपादन ठरत नाही आणि त्याला ५ गुण मिळतात. त्याचा गुण बुडाला तो मुख्य म्हणणे उत्तरपत्रिकेवर कुठेच न आल्यामुळे.

गैरसमज ३ : विद्यार्थ्याला पुढे काय लिहायचे होते, हे परीक्षक समजून घेतो.

वस्तुस्थिती : गुण फक्त लिहिलेल्या मजकुराला मिळतात. ‘सहाव्या दस्तऐवजात कामगारांच्या’ इथे वाक्य तुटले, तर तो दस्तऐवज वापरलेल्यांत धरला जात नाही, कारण त्यात काय म्हटले आहे हे सांगितलेलेच नाही. ‘सहाव्या दस्तऐवजात कामगार रोजच्या वाढीव तासांविरुद्ध तक्रार करतात, यावरून’ इथे वाक्य तुटले, तर आशय सांगून झाला आहे आणि तेवढ्याचे श्रेय मिळू शकते. युक्तिवादाशी जोडणे मात्र राहिले, म्हणून युक्तिवादाला आधार दिलेल्या दस्तऐवजांत त्याची गणना होत नाही. कच्च्या कागदावरचा आराखडा तपासलाच जात नाही.

गैरसमज ४ : सगळ्या परीक्षांत हाच हिशोब लागू होतो.

वस्तुस्थिती : मराठी विद्यार्थी परदेशी शिक्षणासाठी देतात त्या आयईएलटीएसमध्ये ४० मिनिटांत किमान २५० शब्दांचा निबंध लिहायचा असतो. तिथे गुण सुटे जोडले जात नाहीत. प्रश्नाला दिलेला प्रतिसाद, सुसंगती, शब्दसंपदा आणि व्याकरण या चार समान वजनाच्या निकषांवर बँड ठरतात. समारोप नसल्याचा परिणाम मुख्यतः पहिल्या दोन निकषांवर होतो. भूमिका सुरुवातीपासून स्पष्ट असेल तर तो कमी होतो, भूमिका फक्त शेवटी येणार असेल तर जास्त. लिहून झालेल्या मजकुराची शब्दसंपदा आणि व्याकरण यांचे मूल्यमापन मात्र समारोपावर अवलंबून नसते.

दोन्ही परीक्षांत शेवटची दोन मिनिटे उरली असता अर्धा मुद्दा तसाच टाकून ‘थोडक्यात’ म्हणत प्रस्तावना पुन्हा लिहिण्याने फारसे साधत नाही. प्रस्तावनेत मुख्य म्हणणे आलेले असेल, तर तो वेळ हातातला मुद्दा पूर्ण करायला द्यावा. आलेले नसेल, तर ते कारणासह एका वाक्यात लिहून समारोप म्हणून द्यावे.